दोन मोबाईल डेटा प्लॅनची तुलना: महिन्याचा खरा खर्च, वैधता आणि छुपी बंधने

दोन प्लॅन समोर ठेवले की बहुतेक जण किमतीला एकूण जीबीने भागतात आणि ज्याचा एक जीबी स्वस्त पडतो तो प्लॅन घेतात. हा हिशेब चुकण्याची कारणे दोन आहेत. प्लॅनमध्ये मिळणारा डेटा आणि प्रत्यक्षात वापरता येणारा डेटा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्लॅनचा 'महिना' हा दिनदर्शिकेतील महिना असतोच असे नाही. पुढील टप्पे सांगितलेल्या क्रमानेच करावेत, कारण आपल्या वापराची नोंद हाती नसताना किमतींची तुलना सुरू केली, तर पुढे मोजलेला प्रत्येक आकडा अंदाजाच्याच पायावर उभा राहतो.

उदाहरणासाठी येथे दोन कल्पित प्लॅन घेतले आहेत. 'अ' प्लॅनची किंमत २८०, वैधता २८ दिवस आणि डेटा दररोज १.५ जीबी. 'ब' प्लॅनची किंमत ७९८, वैधता ८४ दिवस आणि संपूर्ण काळासाठी मिळून ८४ जीबी. किमती करासहित आहेत. चलन कोणतेही धरले तरी गणितात फरक पडत नाही.

## टप्पा १: आधी स्वतःचा वापर मोजा

निदान चार आठवड्यांचा, आणि तोही दिवसागणिक, वापर हाती हवा. कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा तपशील दिसत असेल तर तोच घ्यावा, कारण शिल्लक डेटा कंपनीच्या मोजणीनुसार ठरतो. फोनच्या मोजणीत आणि कंपनीच्या मोजणीत थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे. असा तपशील मिळत नसेल तर फोनमधील आकडे चालतील, मात्र ते कोणत्या काळातील आहेत हे पाहून घ्यावे. अँड्रॉइड फोनमध्ये डेटाचे चक्र महिन्याच्या कोणत्या तारखेपासून सुरू व्हावे हे ठरवता येते. आयफोनमधील चालू काळाचा आकडा मात्र आपण `Reset Statistics` हा पर्याय दाबेपर्यंत वाढतच राहतो, त्यामुळे अनेकांच्या फोनवर कित्येक महिन्यांची बेरीज दिसत असते आणि ती एका महिन्याची समजली जाते. मोजणी सुरू करताना हा आकडा शून्य करून घ्यावा आणि रोज ठरावीक वेळी लिहून ठेवावा. वायफायवरील वापर या मोजणीत धरू नये.

नोंदीच्या शेवटी दोन गोष्टी काढायच्या आहेत: चार आठवड्यांचा एकूण वापर, आणि सर्वांत जड वापराचे दिवस कोणते व त्या दिवशीचा वापर किती. सरासरीवर थांबू नये. रोज एक जीबी वापरणारा माणूस आणि पाच दिवस जवळजवळ काहीच न वापरता दोन दिवसांत सात जीबी संपवणारा माणूस यांची सरासरी एकच निघते, पण त्यांना सोयीचे प्लॅन पूर्णपणे वेगळे असतात.

सावधान: सध्याच्या प्लॅनला रोजची मर्यादा असेल तर तुमची नोंद खरी गरज दाखवत नाही, ती मर्यादेपाशी छाटली गेलेली असते. रोजची मर्यादा १.५ जीबी असताना अनेक दिवसांचा वापर १.५ जीबीच्या आसपासच येत असेल, तर त्या दिवशी तुम्हाला किती डेटा हवा होता हे त्या आकड्यावरून कळतच नाही. अशा वेळी मर्यादा किती वाजता संपली हे पाहावे. रात्री अकराला संपली असेल तर कमतरता किरकोळ आहे. दुपारी दोनला संपली असेल तर खरी गरज दीडपट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. एखाद्या जड दिवशी जादा डेटा घेऊन प्रत्यक्ष गरज मोजणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

## टप्पा २: दोन्ही किमती एकाच मापावर आणा

प्लॅनची किंमत वैधतेच्या दिवसांनी भागावी आणि आलेला दिवसाचा खर्च ३०.४२ ने गुणावा. वर्षाचे ३६५ दिवस बारा महिन्यांत वाटले की हा आकडा मिळतो.

```
महिन्याचा खर्च = (किंमत ÷ वैधतेचे दिवस) × ३०.४२
```

'अ' प्लॅनसाठी २८० भागिले २८ म्हणजे दिवसाला १०, आणि महिन्याला सुमारे ३०४. 'ब' प्लॅनसाठी ७९८ भागिले ८४ म्हणजे दिवसाला ९.५, आणि महिन्याला सुमारे २८९.

येथे सर्रास होणारी चूक म्हणजे २८ दिवसांच्या प्लॅनला महिन्याचा प्लॅन समजून किंमत बाराने गुणणे. तसे केल्यास 'अ' प्लॅनचा वर्षाचा खर्च ३,३६० दिसतो. प्रत्यक्षात २८ दिवसांची बारा चक्रे म्हणजे ३३६ दिवसच होतात; वर्ष भरून काढायला तेरावे रिचार्ज करावेच लागते आणि तरीही एक दिवस उरतो. खरा वार्षिक खर्च ३,६५० आहे. ८४ दिवसांच्या प्लॅनलाही लोक तीन महिन्यांचा प्लॅन म्हणतात, पण तीन महिन्यांत सरासरी ९१ दिवस असतात. वैधता 'एक महिना' अशी लिहिली असेल आणि नूतनीकरण दर महिन्याच्या त्याच तारखेला होत असेल, तरच किंमत बाराने गुणणे योग्य ठरते.

तपासा: जाहिरातीतील किमतीत कर धरला आहे का, आणि ती किंमत फक्त पहिल्या काही चक्रांपुरती आहे का. सवलतीची मुदत संपल्यावर स्वयंचलित नूतनीकरण पूर्ण किमतीने होत असेल, तर वरील सूत्रात पूर्ण किंमतच घालावी. पहिल्या चक्रात वाचलेले पैसे वेगळे लिहून ठेवावेत. सिमसाठी किंवा जोडणीसाठी एकदाच भरायचे शुल्क असेल तर ते वर्षभरात वाटून मिळवावे.

## टप्पा ३: वैधतेचे दिवस नेमके कसे मोजले जातात ते पाहा

काही प्लॅनमध्ये रिचार्जचा दिवस हाच पहिला दिवस धरला जातो आणि शेवटच्या दिवसाच्या मध्यरात्री वैधता संपते. असा प्लॅन रात्री नऊला सुरू केला तर पहिला दिवस तीन तासांचाच मिळतो. एकदा झाले तर हे नुकसान नगण्य आहे. पण वैधता संपल्यावर दर वेळी संध्याकाळी रिचार्ज करण्याची सवय असेल, तर २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये ते वर्षातून तेरा वेळा होते.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की जुना प्लॅन चालू असतानाच नवे रिचार्ज केले तर काय होते. काही ठिकाणी नवा प्लॅन रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो. काही ठिकाणी तो तत्काळ सुरू होतो आणि जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस बुडतात. काही प्लॅनमध्ये रांगेतला प्लॅन वेळेआधी सुरू करण्याची मुभा असते. एकूण डेटा देणाऱ्या प्लॅनच्या बाबतीत या तीनांपैकी कोणता प्रकार लागू आहे यावरच पुढचा हिशेब अवलंबून आहे, म्हणून ग्राहक सेवेला विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी हाच निवडेन. उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

वैधता संपल्यानंतर येणारे कॉल आणि संदेश किती दिवस मिळत राहतात हेही पाहून ठेवावे. बँकेचे सांकेतिक क्रमांक ज्या सिमवर येतात त्या सिमसाठी ही अट डेटाइतकीच मोलाची आहे.

## टप्पा ४: मर्यादा संपल्यावर काय होते ते शोधा

प्लॅनच्या मुख्य पानावर हे क्वचितच ठळक लिहिलेले असते. ते अटींमध्ये सापडते. मर्यादा संपल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते: डेटा पूर्ण बंद होतो, वेग कमी होतो, किंवा पुढील वापराचे पैसे वेगळे कापले जातात. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे, कारण त्यात फोन नेहमीप्रमाणे चालत राहतो आणि खर्च बिलात किंवा शिल्लक रकमेतच कळतो. तो प्रकार लागू असेल तर फोनमध्ये डेटा आपोआप थांबवण्याची मर्यादा, जिथे तशी सोय आहे तिथे, घालून ठेवावी.

वेग कमी होण्याच्या प्रकारात आकडा पाहावा. '६४ केबीपीएस वेगाने अमर्याद डेटा' हे वाचायला बरे वाटते, पण यातील केबी म्हणजे किलोबाईट नसून किलोबिट आहेत. आठ बिटांचा एक बाईट होतो, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाईट. एक एमबी उतरवायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तीन एमबीच्या एका छायाचित्राला सहा मिनिटांपेक्षा जास्त. साधे मजकुराचे संदेश या वेगाने जातात. व्हिडिओ, नकाशे आणि बहुतेक संकेतस्थळे प्रत्यक्षात निरुपयोगी होतात. म्हणून तुलनेत असा डेटा शून्य धरावा.

'अमर्याद' हा शब्द असलेल्या प्लॅनमध्येही न्याय्य वापराच्या नावाखाली एखादी कमाल मर्यादा असू शकते. तसेच अमर्याद डेटा केवळ ५जी जाळ्यावर असेल, तर तुमचा फोन आणि तुमची नेहमीची ठिकाणे या दोन्हींत ५जी असल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. घराच्या आतल्या खोलीत फोन ४जी वर उतरत असेल, तर तिथला वापर सामान्य मर्यादेतूनच कापला जातो.

हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असू शकते. लॅपटॉप फोनच्या जाळ्यावर चालवणाऱ्यांनी ही अट इतर सर्व अटींच्या आधी वाचावी.

तपासा: रोजची मर्यादा कोणत्या वेळी नव्याने सुरू होते? बहुधा मध्यरात्री, पण ती रिचार्जच्या वेळेपासून चोवीस तासांनी मोजली जात असेल तर जड दिवसांचे गणित बदलते. न वापरलेला रोजचा डेटा पुढच्या दिवशी जोडला जातो की बुडतो, हेही याच ठिकाणी कळते. पुढे नेण्याची सोय असेल तर ती आठवड्यापुरती आहे की पूर्ण वैधतेपर्यंत, ते लिहून ठेवावे.

## टप्पा ५: स्वतःचा वापर दोन्ही प्लॅनवर चालवून पाहा

तुलना खऱ्या अर्थाने येथे होते. नियम एवढाच की प्रत्येक प्लॅनमध्ये आपली गरज पूर्ण भागली पाहिजे, आणि जिथे ती भागत नाही तिथे जादा डेटाची किंमत मिळवली पाहिजे. उदाहरणासाठी ८ जीबीचे जादा डेटाचे पॅक ८४ ला मिळते आणि ते मूळ प्लॅनची वैधता असेपर्यंत चालते असे धरू. 'अ' प्लॅनमधील रोजचा न वापरलेला डेटा बुडतो असेही धरू.

पहिली व्यक्ती कामाच्या पाच दिवसांत वायफायवर असते आणि रोज ०.४ जीबी मोबाईल डेटा वापरते. सुटीच्या दोन दिवशी मात्र तिला रोज २.३ जीबी लागतो. आठवड्याचा वापर ६.६ जीबी.

'अ' प्लॅनमध्ये तिला २८ दिवसांत ४२ जीबी मिळतात आणि तिची गरज फक्त २६.४ जीबी आहे, त्यामुळे वरवर पाहता प्लॅन तिला पुरून उरतो. पण सुटीच्या प्रत्येक दिवशी ०.८ जीबी कमी पडतो. २८ दिवसांत असे आठ दिवस येतात, म्हणजे ६.४ जीबीची तूट; आणि त्याच काळात कामाच्या वीस दिवसांतला २२ जीबी डेटा न वापरता बुडतो. तूट भरायला एक जादा पॅक लागते. २८० आणि ८४ मिळून ३६४, दिवसाला १३, महिन्याला सुमारे ३९५.

'ब' प्लॅनमध्ये बारा आठवड्यांची गरज ७९.२ जीबी आहे आणि डेटा ८४ जीबी. जादा काहीच लागत नाही. खर्च महिन्याला २८९ राहतो. एका जीबीचा भाव काढला असता तर 'अ' ६.६७ ला आणि 'ब' ९.५० ला पडला असता, आणि या व्यक्तीने महिन्याला शंभराहून अधिक जास्त खर्चाचा प्लॅन स्वस्त समजून घेतला असता.

आता दुसरी व्यक्ती घ्या. तिच्याकडे वायफाय नाही आणि ती रोज नेमाने १.२ जीबी वापरते. 'अ' प्लॅनमध्ये तिला एकही दिवस कमी पडत नाही, त्यामुळे खर्च ३०४ वरच राहतो. 'ब' प्लॅनमधील ८४ जीबी मात्र सत्तराव्या दिवशी संपतात आणि वैधतेचे चौदा दिवस उरतात. त्या दिवसांसाठी १६.८ जीबी लागतात. दोन पॅकचे १६ जीबी थोडक्यात अपुरे पडतात आणि तिसरे पॅक घ्यावे लागते. ७९८ आणि २५२ मिळून १,०५० झाले, म्हणजे दिवसाला १२.५ आणि महिन्याला सुमारे ३८०.

येथेच टप्पा ३ मधला प्रश्न उपयोगी पडतो. डेटा संपताच तोच प्लॅन नव्याने सुरू करता येत असेल, तर जादा पॅक घेण्याऐवजी सत्तराव्या दिवशी पुन्हा ७९८ भरणे बरे. मग प्लॅनची खरी वैधता ८४ नव्हे तर ७० दिवस धरायची: दिवसाला ११.४ आणि महिन्याला सुमारे ३४७. जादा पॅकपेक्षा हे स्वस्त आहे, तरीही 'अ' प्लॅनपेक्षा महागच. नवा प्लॅन रांगेतच थांबत असेल तर हा पर्याय मुळात उपलब्ध नाही.

सावधान: जादा पॅकची स्वतंत्र वैधता पाहावी. एका दिवसापुरते चालणारे पॅक स्वस्त दिसते, पण पहिल्या व्यक्तीला २८ दिवसांत तसली आठ पॅक घ्यावी लागली असती.

## टप्पा ६: लांब वैधतेची जोखीम आणि सोबतच्या सोयी

लांब वैधतेच्या प्लॅनमध्ये पैसे आगाऊ अडकतात. पन्नासाव्या दिवशी कंपनी बदलली आणि उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, तर 'ब' प्लॅन दिवसाला जवळपास १६ ला पडतो. त्याच पन्नास दिवसांसाठी 'अ' प्लॅनची दोन रिचार्ज म्हणजे ५६०, दिवसाला ११.२. नव्या जागी राहायला जायचे असेल किंवा त्या कंपनीचे जाळे अजून अनुभवले नसेल, तर पहिले चक्र लहान वैधतेचेच घ्यावे, असे मला वाटते. महिन्याचे पंधरा वाचवण्यासाठी ८४ दिवस खराब जाळ्यावर काढण्यात काही अर्थ नाही.

व्हिडिओ सेवेची वर्गणी, संगीत, साठवणुकीची जागा अशा सोबतच्या गोष्टींची जाहीर किंमत प्लॅनमधून वजा करण्याचा मोह होतो. ती सेवा तुम्ही आज स्वतःच्या पैशांनी घेत असाल आणि प्लॅन घेतल्यावर ती वर्गणी खरोखर बंद करणार असाल, तरच वजावट करावी. त्यातही मिळणारी वर्गणी केवळ मोबाईलच्या पडद्यापुरती आहे का, आणि ती प्लॅनच्या पूर्ण वैधतेइतकी टिकते का, हे पाहावे. इतर सर्व बाबतींत तिची किंमत शून्य.

## टप्पा ७: निवडीनंतरची पडताळणी

प्लॅन सुरू झाला की त्याच दिवशी ॲपमध्ये वैधतेची शेवटची तारीख, शिल्लक डेटा आणि स्वयंचलित नूतनीकरण चालू आहे की बंद, या तीन गोष्टी पाहून त्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. अटी पुढे बदलल्या किंवा वाद झाला, तर खरेदीच्या दिवशीची नोंद उपयोगी पडते.

एकूण डेटाच्या प्लॅनमध्ये वैधतेचा एक तृतीयांश काळ उलटल्यावर शिल्लक पाहावी. 'ब' प्लॅनमध्ये अठ्ठाविसाव्या दिवसअखेर निदान ५६ जीबी उरायला हवेत. ५० च्या आसपास असतील, तर ॲपनुसार वापर उघडून कोणते ॲप मोबाईल डेटावर आपोआप अद्ययावत होत आहे किंवा छायाचित्रांच्या प्रती चढवत आहे ते शोधावे. दोन्ही गोष्टी फक्त वायफायवर होतील अशी सोय करता येते. रोजच्या मर्यादेच्या प्लॅनमध्ये पाहायची गोष्ट वेगळी आहे: चार आठवड्यांत मर्यादा किती दिवस संपली. ती एखाद-दुसऱ्या दिवशी संपली असेल तर प्लॅन बदलण्याची गरज नाही. आठ किंवा अधिक दिवस संपली असेल, तर नव्या नोंदीसह टप्पा ५ पुन्हा करावा, आणि या वेळी त्या दिवसांची छाटली गेलेली गरज जादा डेटा घेऊन मोजावी.